रिकामा रकाना

पेन्सिलबाई हे नाव मीच ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे कबूल करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं हे सगळ्यात हलकं. त्या पहिलीच्या बाई, मी दुसरीची. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसती लाकडी फळ्यांची आडोशाची पडदी होती. त्यामुळे त्यांचा वर्ग मला दिवसभर ऐकू यायचा आणि माझं ओरडणं त्यांना. आम्ही बाकीचे निळ्या पेनाने लिहायचो, तपासायला लाल पेन. बाईंच्या पिशवीत मात्र चार पेन्सिली, एक शार्पनर आणि झिजून बोराएवढं झालेलं खोडरबर. मुलांबद्दलची प्रत्येक ओळ त्या पेन्सिलीनेच लिहीत. एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी विचारलं, "बाई, पेन संपलंय का तुमचं? माझं घ्या." त्या म्हणाल्या, "अगं, सोमवारी लिहिलेलं शुक्रवारी खोडावं लागतं मला. पोरं ऐकत नाहीत, पुढे जातात." सगळे हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या शाळेत पहिल्या दोन इयत्तांना गुण नाहीत. ना शंभरपैकी, ना दहापैकी, ना नंबर. त्याऐवजी शिक्षकाने मुलाबद्दल नोंदी लिहायच्या. मला हा नियम म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. मी स्वतः शाळेत कायम पहिली. दुसरी आले त्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते आणि ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आले. म्हणून माझ्या नोंदी कशा, तर "प्रगती चांगली" आणि "सुधारणेस वाव आहे". ही दोन वाक्यं मी आलटून पालटून तीस पोरांना वाटायची. अर्ध्या तासात काम खलास.

बाईंचं तसं नव्हतं. प्रत्येक मुलाला त्यांच्या जाड नोंदवहीत समोरासमोरची दोन पानं. त्यावर पाच रकाने: वाचन, लेखन, गणित, बोलणं-ऐकणं आणि इतरांबरोबर वागणं. मधल्या सुट्टीनंतर बाकीची पोरं चित्रं काढत असली की त्या खिडकीशी मुलांच्याच बुटक्या खुर्चीवर बसत आणि एकेकाला जवळ बोलावून वाचून घेत. गुडघे कुरकुरत, त्या दुर्लक्ष करत. रोज चार मुलं, जास्त नाही. सत्तावन्नाव्या वर्षी, नोकरीचं शेवटचं वर्ष उरलेलं असताना, कोण करतं हो एवढं? मी असते तर रजा संपवत बसले असते.

त्या वर्षी पालकांची पहिली सभा झाली तेव्हा माझ्या वर्गाचे पालकही त्यांच्याच खोलीत बसवले होते, म्हणून मी हजर होते. पहिल्या बाकावर औषधवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं औषधांचं दुकान, माणूस शिस्तीचा, हिशेबी, बोलणं तोलूनमापून. त्यांची मुलगी पहिलीत. बोलायला लागली की मोठ्या माणसांना गप्प करायची, म्हणून आम्ही तिला ठमाकाकू म्हणायचो. शेवटच्या बाकावर शिवणकाम करणारी एक ताई, गळ्यात मापाची टेप तशीच विसरून आलेली. तिची मुलगी वर्गात वयाने सगळ्यात लहान, अंगानेही एवढीशी. तिला सगळे चिमणी म्हणत.

औषधवाल्यांनी सुरुवातच केली. "बाई, तुम्ही कागदभर लिहिता, वाचायला छान वाटतं. पण मला आकडा सांगा. ताप आहे म्हटल्यावर मी किती आहे ते विचारणारच ना?"

बाईंनी सगळ्यांना एकेक कोरा कागद वाटला आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने आपलं पूर्ण नाव लिहा. जे डावखुरे असतील त्यांनी उजव्याने. एक मिनिट." पालक हसत हसत लिहायला लागले. मग हसणं थांबलं. प्रत्येक जण शेजारच्या कागदाकडे चोरून बघायला लागला. बाईंनी औषधवाल्यांचा कागद उचलला, वर चार लिहिलं, खाली दहा आणि परत दिला.

त्यांचा चेहरा पडला. "पेन नीट चालत नव्हतं," ते म्हणाले. खोलीभर हशा पिकला.

"असेलही," बाई म्हणाल्या. "आता सांगा, या चारचं तुम्ही काय करणार? चारचे सहा करण्यासाठी नेमकं काय बदलाल?"

त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"मी सांगते. तुमच्या उभ्या रेघा चांगल्या आल्यात. पण पेन अगदी टोकाशी धरलंय, म्हणून गोलाई अडते. बोटं जरा वर सरकवा, कागद थोडा तिरका करा आणि पुन्हा लिहा." त्यांनी लिहिलं. खरंच बरं आलं. "हे मी कागदभर लिहिते ना, ते हे असतं," बाई म्हणाल्या. "आणि हे सांगतानाही पुन्हा आकडा लिहिला असता ना, तर तुम्ही माझं एक अक्षर ऐकलं नसतं. तुम्ही पेनाची तक्रार करत बसला असता. तुम्ही चाळिशीचे आहात, तरी. ही मुलं सहा वर्षांची आहेत. त्यांना 'माझ्या कामाला चार' आणि 'मी चार' यातला फरक अजून कळत नाही."

मग त्यांनी वयाचं सांगितलं. या वर्गात सगळ्यात मोठं मूल आणि सगळ्यात लहान मूल यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर आहे. आपल्या वयात अकरा महिने म्हणजे काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलाचं मात्र ते जवळजवळ एक षष्ठांश आयुष्य झालं. त्या दोघांना एका मापाने मोजलं तर आपण हुशारी मोजत नाही, वाढदिवस मोजतो. आणि या वयात मुलं पायरी पायरीने चढत नाहीत. महिना महिना एका जागी थांबतात आणि मग एकदम चार पावलं टाकतात. थांबलेल्या दिवशी आकडा लिहिला की तो आकडा घरभर होतो आणि मूल तोच धरून बसतं.

"म्हणजे मागे पडली तरी आम्हाला कळायचं नाही?" औषधवाल्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि खरं तर मलाही तोच विचारायचा होता.

"कळेल. त्याच दिवशी कळेल. गुण देत नाही म्हणजे मी तपासत नाही असं नाही. उलट जास्त तपासते." त्यांनी मधल्या रांगेतल्या एका आजोबांकडे बघितलं. "तुमचा नातू फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करतो. मी गेल्या आठवड्यातच तुम्हाला चिठ्ठी पाठवली. डोळे तपासले का?" आजोबा ओशाळून म्हणाले, उद्या नेतो.

मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, छान, नाटक बरं जमलं. आज ते आठवलं की स्वतःची शरम वाटते.

दोन महिन्यांनी बाईंच्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि त्या आठ दिवसांच्या रजेवर गेल्या. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. जाताना त्यांनी नोंदवही माझ्या टेबलावर ठेवली. "मुलं कुठवर आलीत ते यात आहे. तुला उपयोगी पडेल. लिहायचं काही नाही, वाच फक्त."

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या थोडं आधी औषधवाले आले. बाई नाहीत म्हटल्यावर त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. दुसऱ्या एका शाळेचा फॉर्म त्यांना भरायचा होता आणि त्यात गुणांचा रकाना होता. खरं असेल, नसेलही. पण ते पुढे म्हणाले, "तुम्ही स्वतः हुशार विद्यार्थिनी होतात असं ऐकलंय. तुम्हाला आकड्यांचं महत्त्व कळतं." झालं. एवढं पुरलं मला. कुणी माझ्या पहिल्या नंबराची आठवण काढली की मी विरघळते, हा माझा जन्माचा रोग.

"उद्या या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंची वही उघडली आणि शहाणपणा पाजळायला बसले. पाच रकाने, प्रत्येकी दहा, एकूण पन्नास. नोंद वाचायची आणि आकडा ठरवायचा. एका मुलीचे गुण काढून भागणार नव्हतं, कारण त्यांना ती कितवी येते ते हवं असणार. म्हणून सव्वीसच्या सव्वीस मुलांचे काढले आणि वरपासून खालपर्यंत उतरती यादी केली. निळ्या पेनाने, पट्टीने रेघा मारून. मला मजा येत होती. एवढं स्वच्छ, सुटसुटीत काम त्या वर्षात मी केलं नव्हतं.

चिमणीच्या पानावर वाचनात लिहिलं होतं: "अक्षरं ओळखते. शब्दापाशी थांबते. थांबू द्यावं." थांबते म्हणजे अडखळते. दिले तीन. लेखन: "अक्षर उलटं काढते, मग स्वतःच बघून खोडते." चार. इतरांबरोबर: "एकटी बसते. शेजारणीचा खडू मोडला तर आपला अर्धा देते." चार. गणित आणि बोलणं-ऐकणं हे दोन रकाने कोरे होते. कोरे म्हणजे काहीच नाही. काहीच नाही म्हणजे शून्य. एकूण अकरा. सव्विसावा नंबर.

ठमाकाकूला शेहेचाळीस मिळाले, पहिला नंबर. शाळा सुटताना औषधवाले आले, त्यांनी यादी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात घंटा झाली, मी पोरांना रांगेत उभं करायला बाहेर गेले. परत आले तर यादी टेबलावर होती आणि ते आभार मानून निघून गेले होते. मी यादी फाडून टाकली. फोनने फोटो काढला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी तो बायकोला पाठवला. बायकोने आनंदाच्या भरात तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळच्या चहापर्यंत सव्वीस घरांत सव्वीस आकडे पोहोचले होते.

मला ते कळलं दुसऱ्या दिवशी, आणि सांगितलं चिमणीनेच. तिला वाचायला बोलावलं तर ती खुर्चीशी आली, पुस्तक उघडलं आणि दोन्ही हात पानावर पसरून उभी राहिली.

"हात काढ गं, वाचायचं कसं?"

"मी अकरा आहे," ती म्हणाली. नाव सांगावं तशी.

मी म्हणाले, "कोण म्हणालं?" ती म्हणाली, "आई रडली. शेजारचा दादा म्हणाला, अकरा म्हणजे शेवटची." आणि तिने हात काढले नाहीत ते नाहीतच.

तिकडे ठमाकाकूचं वेगळंच सुरू झालं. आदल्या आठवड्यात ती जाड गोष्टींच्या पुस्तकाशी झटापट करत होती. आता तिने ते कपाटात ठेवलं आणि पातळ, चार शब्दांचं पुस्तक काढून ते घडाघडा वाचून दाखवायला लागली. मी जाड दिलं तर म्हणाली, "नको. त्यात चुकलं तर पहिला नंबर जाईल." हे मला ओळखीचं वाटलं. माझ्याच तोंडून निघाल्यासारखं.

बाई परत आल्या त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून घेतलं. खोली भरलेली, कुणी हसत नव्हतं. औषधवाले स्वतः अस्वस्थ होते. फोटो पसरेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण राग होताच. त्यांनी फोन वर धरला. "बाई, तुम्ही आम्हाला डाव्या हाताने नावं लिहायला लावलीत. गुण देत नाही म्हणालात. आणि आतून चोरून गुण ठेवता, नंबरही काढता. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

त्यांना यादी देणारी मी होते. पण मीच ती केली असं त्यांच्या मनातही नव्हतं. बाईंची वही, बाईंचा वर्ग, म्हणजे यादीही बाईंचीच आणि मी नुसती काढून दिली, असंच ते धरून चालले होते. शेवटच्या बाकावर शिलाईवाली ताई खाली मान घालून बसली होती. मी दाराशी उभी होते, मूग गिळून.

बाईंनी फोन हातात घेतला आणि यादी बघितली. निळं पेन, पट्टीने मारलेल्या रेघा. शाळेत सगळ्यांना माहीत होतं पट्टी घेतल्याशिवाय कोण रेघ मारत नाही ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे.

"हे आकडे माझ्या वहीतून निघाले," त्या म्हणाल्या. "वही माझी आहे, म्हणून जबाबदारी माझी. पण हे आकडे चुकीचे आहेत. मी वहीत माप लिहीत नाही, काय दिसलं ते लिहिते. मूल शब्दापाशी थांबतं असं मी लिहिलं, कारण आधी ते थांबत नव्हतं, पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीही ठोकून द्यायचं. थांबणं ही पुढची पायरी आहे. त्याचे गुण कापले गेलेत. कृपा करून हा फोटो पुसून टाका आणि घरी आकड्याचं नाव काढू नका."

लोक उठले. शिलाईवाली ताई बाईंच्या अंगावरून गेली, बघितलंही नाही तिने.

मुख्याध्यापकांनी बाईंना आत बोलावून विचारलं, कुणी केलं? बाई म्हणाल्या, वही मी दुसऱ्याच्या टेबलावर उघडी ठेवली, चूक माझी. त्यांच्या तेहेतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात एक ओळ चढली: समज दिली. पेनाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी त्या माझ्या वर्गात आल्या. हातात वही. चिमणीचं पान उघडून त्यांनी गणिताच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"कोरं म्हणजे शून्य नसतं गं. मी अजून बघितलं नव्हतं, एवढंच. ही सगळ्यांसमोर बोलत नाही, एकटी असली की बोलते. मी तिची वेळ बघत होते. काल सुटीनंतर थांबवून घेतलं. आईची बटणं हीच मोजून ठेवते म्हणे. एका लहान शर्टाला सहा. मी विचारलं, सात शर्टांना किती? बोटांवर न मोजता म्हणाली, बेचाळीस. वर्गात दुसरं कुणी हे सांगणार नाही. तुझी ठमाकाकूसुद्धा नाही."

मी म्हणाले, "बाई, चुकलं माझं. मी सरांना सांगते. पालकांनाही सांगते."

मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. मोठी माणसं म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "सांग."

एवढंच. आणि वही मिटून गेल्या.

मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, सर कामात आहेत, सर चांगल्या मूडमध्ये आहेत ते कशाला बिघडवा. कारणांना काय तोटा. माझी कायम होण्याची फाईल तेव्हा सरांच्या टेबलावर होती, हे खरं कारण. बाईंनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. डब्याच्या वेळी शेजारी बसायच्या, बहिणीच्या तब्येतीचं सांगायच्या. मी पेन्सिलबाई म्हणायचं सोडून दिलं. पण बाकीचे म्हणायचे, त्यांना कसं थांबवू? नाव मीच ठेवलेलं.

वर्ष संपलं, बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला पहिलीच्या पालकांपैकी पाच-सहाजण आले. दर वर्षी त्यांच्याभोवती गराडा पडायचा. शिलाईवाली ताई आली नाही. माझी नोकरी कायम झाली होती आणि निरोपाचं भाषण मीच केलं. चांगलं केलं, सगळे म्हणाले.

आता मी स्वतःला हुशार म्हणवते, पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पहिलीची मुलं पुढच्या वर्षी दुसरीत येतात. म्हणजे माझ्याकडेच.

पहिल्या दिवशी चिमणी तिसऱ्या बाकावर येऊन बसली, वही उघडली, आणि लिहायच्या आधीच डावा हात पानावर आडवा ठेवला. हाताच्या आड लिहायची. मी बाकापाशी गेले की सगळं पान झाकायची, वर कपाळ टेकायची. खोडरबर घासून घासून कागदाला भोकं पाडायची. सात शर्टांच्या बटणांचं विचारलं तर मान हलवून "येत नाही" म्हणायची. येत होतं तिला. मी काहीही म्हटलं तरी ती आधी माझ्या हाताकडे बघायची, त्यात पेन आहे का.

पंधरा दिवसांनी पालकसभा. या वेळी खोली माझी, पालक तेच. पहिल्या बाकावर औषधवाले. त्यांनी सौम्यपणेच विचारलं, "बाई, दुसरीतही गुण नाहीत म्हणे. हरकत नाही. पण गेल्या वर्षीसारखं आतून काही ठेवणार असाल तर आधीच सांगा. त्या बाईंवर आम्ही विश्वास टाकला होता."

शेवटच्या बाकावर ताई होती, गळ्यात टेप नव्हती, पदराशी सुई टोचलेली. मी कोरे कागद आणले होते, डाव्या हाताने लिहायला लावायला. बाईंचाच खेळ उसना घेऊन मी विश्वास मिळवायला निघाले होते. कागद टेबलावर ठेवले.

"ती यादी बाईंनी केली नव्हती," मी म्हणाले. "मी केली होती. त्या रजेवर होत्या. वही वाचायला दिली होती, मी तिचे आकडे केले. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मी गप्प बसले, कारण माझी नोकरी कायम व्हायची होती."

मला रडू येत होतं, पण रडले असते तर ते माझी समजूत घालायला लागले असते, म्हणून रडले नाही. पुढे सगळं सांगितलं. कोऱ्या रकान्याचं शून्य कसं केलं ते. थांबण्याचे तीन कसे दिले ते. हेही सांगितलं की त्याच वहीवरून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गुण दिले असते तर वेगळेच आले असते, कारण मोजण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मी माझ्या मनचे आकडे लिहिले होते. आणि त्या आकड्यांनी दोन मुलींचं काय झालं ते सांगितलं, नावं न घेता. औषधवाल्यांना आपली मुलगी कळली असावी. ते म्हणाले, "अजून पातळच पुस्तकं आणते घरी." मग हातातला फोन खिशात ठेवला.

ताई शेवटी उठली. माझ्याजवळ आली. मला वाटलं आता बोलेल, हवं ते बोलेल, मी ऐकून घेईन.

"निरोपाचं आमंत्रण घेऊन त्या स्वतः आल्या होत्या दुकानात," ती म्हणाली. "मी मशीन थांबवलं नाही. पाय मारतच राहिले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या." मग म्हणाली, "हे तुम्ही मला आत्ता सांगता?"

ती निघून गेली आणि मी टेबलावरचे कोरे कागद गोळा केले.

त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. बाईंच्या सेवापुस्तकातली ओळ काढता येईल का विचारलं. ते म्हणाले, निवृत्त माणसाचं पुस्तक बंद होतं, आता त्यात काही करता येत नाही. तुमचा कागद तुमच्या फाईलला लावतो. लावा म्हटलं.

तिथून बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी तीच बुटकी खुर्ची. शाळेने मोडीत काढली तेव्हा मागून घेतली म्हणे. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. शाबास म्हणाल्या नाहीत, क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत. चहा ठेवायला उठल्या आणि पाठमोऱ्याच विचारलं, "चिमणी पान झाकते का अजून?"

त्यांना कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. त्यांच्याच वर्गात दिसायला लागलं असणार ते, वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत, माझ्या पडदीच्या पलीकडे.

"झाकते."

"सगळं?"

मी आठवून बघितलं. कधी नीट बघितलंच नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

"मग आधी ते बघ."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मुलं चित्रं काढत होती. मी खिडकीशी बुटकी खुर्ची ओढली आणि चिमणीला बोलावलं. काही विचारलं नाही, बाजूला बसवलं आणि स्वतः दुसरीकडे बघत बसले. ती लिहीत होती. दहा मिनिटांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. हात आडवा होताच. पण वरच्या दोन ओळी हाताबाहेर होत्या.

ती गेल्यावर मी तिचं पान उघडलं. या वर्षी माझ्याही वहीला पाच रकाने आहेत. लेखनात लिहिलं, "पान झाकते. वरच्या दोन ओळी झाकत नाही." मग गणिताच्या रकान्यापाशी थांबले. बेचाळीस मला ठाऊक होतं. पण ते बाईंनी बघितलेलं होतं, मी नाही. तो कोराच ठेवला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.